भाववाढीचा उतार आणि न मोजलेला त्याग

दसरा-दिवाळीच्या सुमारास नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या पसरू लागतात. शेतकऱ्याकडून ओली मिरची विकत घ्यायची, ती उघड्या मैदानावर वाळवायची, उलटायची, देठ खुडायचे आणि सुकी करून पुढे पाठवायची, असा हा धंदा आहे. तो चालतो बँकेच्या उचलीवर आणि मजूर स्त्रियांच्या हातांवर. कर्जाचा दर वाढला की व्यापारी साठा बेताचा करतो. साठा बेताचा झाला की पथारीवरील कामाचे दिवस कमी होतात. मे २०२२ मध्ये चार टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर नेण्यात आला, तो भाववाढ रोखण्यासाठी. निर्णय मुंबईत झाला. पण त्याचा शेवटचा परिणाम जेथे पोहोचतो, त्या जागांपैकी ही एक पथारी आहे.

भाववाढ खाली आणायची तर काही काळ उत्पादन आणि रोजगार यांना कात्री लावावी लागते, हे अर्थशास्त्राने कधी लपविलेले नाही. या कात्रीचे मोजमाप करण्यासाठी त्या शास्त्राने एक संज्ञाही घडविली आहे. भाववाढीचा दर एक टक्क्याने खाली आणण्यासाठी एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पादनाचा किती टक्के भाग गमवावा लागला, या आकड्याला ‘त्याग-गुणोत्तर’ म्हणतात. संज्ञा सार्थ आहे. त्याग कोणाचा, हे मात्र ती सांगत नाही. आणि आपल्या देशात तर त्याग किती, हेही ती नीट सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने भाववाढीच्या उद्दिष्टाच्या फेरविचारासाठी चर्चापत्र प्रसिद्ध केले. चार टक्क्यांचे उद्दिष्ट योग्य आहे काय, आणि ते एकूण भाववाढीवर बेतावे की अन्न व इंधन वगळून, अशा प्रश्नांची चर्चा तेव्हापासून जाणकारांत रंगली. त्या चर्चेत उद्दिष्टाच्या लाभांविषयी पुष्कळ बोलले जाते. किंमत कशी मोजायची, याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती किंमत आहे.

हे गुणोत्तर काढण्याची रीत अशी. देशातील माणसे, यंत्रे आणि कारखाने भाव न भडकविता जेवढे काम करू शकतात, तेवढे काम झाल्यास जे उत्पादन निघेल, ते संभाव्य उत्पादन. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या खाली जितके राहिले, ती उत्पादनतूट. भाववाढ उतरत होती त्या सर्व वर्षांतील तुटींची बेरीज करायची आणि भाववाढीचा दर जितक्या टक्क्यांनी उतरला त्याने तिला भागायचे. अडचण एवढीच की, संभाव्य उत्पादन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुष्कळदा दुसरी वाट धरली जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आर्थर ओकन यांनी १९६२ साली बेकारी आणि उत्पादन यांच्यातील एक ठोकताळा मांडला. बेकारीचा दर नेहमीच्या पातळीपेक्षा एक टक्क्याने वाढला की उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी घटलेले असते, असा तो होता. पुढील अभ्यासकांनी तीनऐवजी दोन हा आकडा अधिक योग्य मानला. बेकारीचा दर सरकारी नोंदीत मिळतो; त्यावरून उत्पादनतूट काढता येते.

ज्या अमेरिकेत हे गणित जन्मले, तेथील ठळक उदाहरण घेऊ. पॉल व्होल्कर हे ऑगस्ट १९७९ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले आणि त्यांनी व्याजाचे दर कठोरपणे वर नेले. ग्राहक-किमतींची वाढ १९८१ साली १०.३ टक्के होती, ती १९८५ साली ३.६ टक्क्यांवर आली, म्हणजे ६.७ टक्क्यांचा उतार. या काळात बेकारीचा दर १९८२ साली ९.७, १९८३ साली ९.६, १९८४ साली ७.५ आणि १९८५ साली ७.२ टक्के होता. एरवी सहा टक्के बेकारी तेथे असतेच, असे धरले तर चार वर्षांतील जादा बेकारीची बेरीज अगदी दहा भरते. दोनने गुणले की उत्पादनाचे नुकसान वीस टक्के, आणि त्याला ६.७ ने भागले की गुणोत्तर तीन. एक टक्का भाववाढ उतरविण्यासाठी अमेरिकेने वर्षाच्या उत्पादनाचे तीन टक्के गमावले, असा याचा अर्थ.

आता याच गणितात एक गृहीत बदलून पाहावे. नेहमीची बेकारी सहाऐवजी साडेसहा टक्के धरली तर जादा बेकारीची बेरीज आठवर येते आणि गुणोत्तर २.४ होते. ओकन यांचा मूळचा तीनचा गुणक वापरला तर तेच गुणोत्तर साडेचारवर जाते. खुद्द ओकन यांनी १९७८ साली, म्हणजे ही भाववाढ उतरण्यापूर्वी, तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हा आकडा सहा ते अठरा आणि सरासरीने दहा असल्याचे लिहिले होते. पुढे १९९४ साली लॉरेन्स बॉल यांनी वेगळ्या रीतीने हिशेब केला, तेव्हा याच उताराचे गुणोत्तर दोनच्याही खाली आले. बेकारीची नोंद चोख, उत्पादनाची आकडेवारी तिमाहीगणिक उपलब्ध आणि शेतीचा वाटा अल्प, अशा देशात ही गत आहे. आपल्याकडे ती काय असेल, याची कल्पना यावरून यावी.

आपल्याकडील सर्वांत नाट्यमय उतार १९७४-७६ चा. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील जुन्या माणसांना वेगळा सांगायला नको. त्यापाठोपाठ १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. घाऊक किमतींची सरासरी वाढ १९७३-७४ मध्ये सुमारे वीस आणि १९७४-७५ मध्ये सुमारे पंचवीस टक्के झाली. जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढले. नोकरदारांची सर्व वेतनवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेव म्हणून ठेवून घेण्यात आला, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आली आणि बँक दर सातवरून नऊ टक्क्यांवर गेला. १९७५-७६ मध्ये घाऊक किमती वाढण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने उतरल्या. पंचवीस टक्क्यांच्या वाढीपासून एक टक्क्याच्या घटीपर्यंत, म्हणजे एका वर्षात सव्वीस टक्क्यांचा उतार!

त्यागाचा हिशेब करू. त्या काळात राष्ट्रीय उत्पादन सरासरीने वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत असे. तोच संभाव्य वाढीचा वेग मानू. प्रत्यक्षात उत्पादन १९७४-७५ मध्ये सुमारे १.२ टक्के आणि १९७५-७६ मध्ये सुमारे नऊ टक्के वाढले. १९७३-७४ साली तूट शून्य होती असे धरून १०० पासून सुरुवात केली, तर पहिल्या वर्षी संभाव्य उत्पादन १०३.५ आणि प्रत्यक्ष १०१.२, तूट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या वर्षी संभाव्य १०७.१ आणि प्रत्यक्ष ११०.३, म्हणजे तूट नाहीच, उलट तीन टक्के आधिक्य. दोहोंची बेरीज अधिक चिन्हाची येते. सव्वीस टक्के भाववाढ उतरली आणि देशाने गमावले काहीच नाही, किंबहुना थोडे कमावलेच, असा निष्कर्ष निघतो. त्याग-गुणोत्तर शून्याच्याही खाली!

हाच हिशेब १९७०-७१ पासून सुरू केला की चित्र पालटते. १९७१-७२ मध्ये उत्पादन जेमतेम एक टक्का वाढले, १९७२-७३ मध्ये किंचित घटले आणि १९७३-७४ मध्ये सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढले. या पायावरून मोजल्यास १९७४-७५ ची तूट सात टक्के आणि १९७५-७६ ची दोन टक्क्यांहून थोडी अधिक भरते. बेरीज नऊच्या पुढे जाते आणि गुणोत्तर एक-तृतीयांशाच्या आसपास येते. देश तोच, वर्षे तीच, आकडे तेच. केवळ सुरुवातीचे वर्ष बदलताच लाभाचा तोटा झाला. शिवाय या दुसऱ्या हिशेबातील नऊ टक्क्यांचे श्रेय किंवा दूषण वटहुकुमांना देता येत नाही. कारण १९७३-७४ अखेरच, म्हणजे वटहुकूम निघण्यापूर्वीच, पाच टक्क्यांची तूट पदरी पडलेली होती. ती अवर्षणाची होती, धोरणाची नव्हे.

खरे उत्तर धान्याच्या आकड्यांत आहे. देशाचे अन्नधान्य उत्पादन १९७४-७५ मध्ये दहा कोटी टनांच्या किंचित खाली होते; १९७५-७६ मध्ये ते १२ कोटी १० लाख टनांवर गेले. चांगल्या पावसाने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. धान्याचे भाव पाडले आणि राष्ट्रीय उत्पादन वाढविले. त्याग-गुणोत्तराच्या मुळाशी असे गृहीत आहे की, भाव उतरतात ते मागणी कमी झाल्यामुळे, आणि म्हणून भाव व उत्पादन एकाच दिशेने खाली जातात. पुरवठा वाढून भाव उतरले तर ती दोन्ही विरुद्ध दिशांना जातात आणि गुणोत्तराचा अर्थच नाहीसा होतो. भाववाढ उतरताना शेतीचे उत्पादन उसळले असेल किंवा तेलाचे भाव कोसळले असतील, तर एकूण आकड्यांवरून काढलेले गुणोत्तर बाजूला ठेवावे, ही ओळखण्याची साधी खूण आहे. २०१४ ते २०१६ या काळातील उतारालाही ती लागू पडते. खनिज तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वरून जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली गेले, तेव्हा उतरलेल्या भाववाढीचे सारे श्रेय व्याजदरांना देणे म्हणजे पावसाचे श्रेय छत्रीला देण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राहक-किमतींची वाढ पाव टक्क्यावर आली, त्यातही खाद्यपदार्थांच्या घसरलेल्या भावांचा वाटा मोठा होता. अशा वर्षांकडे बोट दाखवून ‘भाववाढ विनात्याग उतरते’ असे सांगणे हा हिशेब नव्हे.

मग बेकारीच्या वाटेने जावे काय? ती वाट तर अधिकच निसरडी आहे. महासाथीच्या २०२०-२१ या आर्थिक वर्षात देशाचे उत्पादन ५.८ टक्क्यांनी घटले. स्वातंत्र्यानंतर एवढी घट कधी झाली नव्हती. ओकन यांच्या ठोकताळ्याप्रमाणे बेकारी भडकायला हवी होती. पण नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार नेहमीच्या स्थितीवर आधारलेला बेकारीचा दर जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षी ५.८ टक्के, पुढील वर्षी ४.८ आणि त्यापुढील वर्षी ४.२ टक्के होता. टाळेबंदीचे पहिले तीन महिने यांपैकी मधल्या वर्षात मोडतात, हे ध्यानात घेतले तरी दर सतत उतरतच गेलेला दिसतो. उत्पादन कोसळत असताना बेकारी कमी झाली, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. मग झाले काय? शेतीवर असलेल्यांचे प्रमाण या काळात सुमारे साडेबेचाळीस टक्क्यांवरून साडेसेहेचाळीस टक्क्यांवर गेले. शहरांतून परतलेला माणूस बापाच्या शेतावर उभा राहिला आणि पाहणीच्या लेखी तो कामावर रुजू झाला.

हे कसे घडते ते नंदुरबार जिल्ह्यात पाहावे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या गणनेनुसार साडेसोळा लाख होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण दहात सातच्या जवळपास होते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांतील कुटुंबे पावसाळा सरला की दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास निदान सणापुरती तरी गावाकडे वळतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. हंगामाची मजुरी तिच्यातून वळती होते. ऊसतोड नसेल तर बांधकाम, वीटभट्टी असे काम धरले जाते.

समजा, असा एक कोयता एरवी वर्षातून १५० दिवस बाहेर काम करतो. व्याजदर चढले, शहरातील बांधकामे रेंगाळली आणि त्याला १२० दिवसच काम मिळाले. दोघांचे मिळून साठ मनुष्यदिवस बुडाले. बाहेरच्या कामाचा पाचवा हिस्सा गेला. आता पाहणी करणारा दारात आला. नेहमीच्या स्थितीच्या व्याख्येप्रमाणे वर्षात दुय्यम काम म्हणून तीस दिवस काम केले असले तरी मनुष्य कामकरी ठरतो. साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येप्रमाणे आठवड्यात कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले असले तरी पुरे. डोंगरउतारावरच्या दोन एकरांवर बिनमोबदल्याने हात लावणाराही कामकरीच. म्हणून १५० दिवस काम मिळाले त्या वर्षी या घरातील बेकारी शून्य, आणि १२० दिवस मिळाले त्या वर्षीही शून्य. बेकारीतील बदल शून्य, तर ओकन यांच्या गुणकाने काढलेले उत्पादनाचे नुकसानही शून्य. घराने साठ दिवसांची मजुरी गमावली आणि राष्ट्राच्या हिशेबात त्याची नोंदच पडली नाही. बेकार राहणे हीदेखील एक चैन आहे. ज्याच्या घरी साठलेले काही आहे, त्यालाच ती परवडते. हाच जिल्हा घेतला तो यासाठी की, येथे अपवादाचाच नियम झालेला आहे.

हा शोध नवा नाही. १९७० साली प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने सांगून ठेवले होते की, घरच्या शेतीत व उद्योगात राबणाऱ्या माणसांच्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढणे योग्य नाही. त्या विचारातूनच १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत नेहमीची, साप्ताहिक आणि दैनंदिन अशा तीन स्थिती मोजण्यास आरंभ झाला. दैनंदिन स्थितीत माणसे मोजली जात नाहीत, दिवस मोजले जातात. अर्ध्या दिवसापर्यंतचे काम टिपले जाते. आपल्या कोयत्याचे बुडालेले साठ दिवस दिसतील तर याच मापात. पण धोरणाच्या चर्चेत हे माप मागे पडले आणि पाश्चात्त्य देशांशी तुलना करण्यास सोयीचा असा एकच दर पुढे आला. एप्रिल २०२५ पासून बेकारीचे मासिक आकडे प्रसिद्ध होऊ लागले, हे स्वागतार्ह आहे. परंतु तेही साप्ताहिक स्थितीचे, म्हणजे आठवड्यातून एका तासाचे.

तेव्हा करायचे काय? त्याग मोजणे सोडून द्यावे, असे मुळीच नाही. जे मोजले जात नाही ते निर्णयाच्या वेळी शून्य धरले जाते, आणि शून्य किमतीची वस्तू माणूस बेफिकीरपणे वापरतो. मोजमाप दुरुस्त करावयाचे असेल तर तीन गोष्टी कराव्या लागतील. एक, भाववाढीच्या बाजूने अन्न व इंधन वगळून उरलेल्या किमतींचा उतार घ्यावा, आणि उत्पादनाच्या बाजूने शेती वगळून उरलेल्या उत्पादनाची तूट घ्यावी. म्हणजे पाऊस आणि तेल यांची भेसळ पुष्कळशी निघून जाईल. दोन, बेकारीच्या दराऐवजी मिळालेल्या कामाचे दिवस आणि भाववाढ वजा जाता उरलेली मजुरी, ही मापे वापरावीत. तीन, एकच आकडा न देता गृहीतांप्रमाणे बदलणारी मर्यादा द्यावी. मुनीश कपूर आणि मायकेल पात्रा यांनी २००० सालीच रिझर्व्ह बँकेच्या नियतकालिकातील अभ्यासात दाखविले होते की, भारतासाठीचे गुणोत्तर पद्धतीनुसार बरेच बदलते. ही अनिश्चितता लपविण्यात शहाणपण नाही.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. शेती वगळली तरी शेतीचे उत्पन्न बुडाले की कापड, सायकली, बांधकाम यांची मागणी घटते. दुष्काळ मागच्या दाराने हिशेबात शिरतोच. रोजगार हमीच्या कामांवरील मस्टर हे कामाच्या दिवसांचे हाताशी असलेले साधन खरे. पण काम उघडलेच नाही तर मस्टर कोरे राहते आणि कोऱ्या मस्टरावरून कामाची गरज नाही असा उलटा अर्थ काढला जातो. म्हणून मस्टरावरील हजेरीबरोबरच कामाची मागणी, आणि गावाबाहेर गेलेली माणसे, या दोहोंची नोंद लागेल. अपूर्ण का होईना, पण हे माप कोयत्याच्या घरापर्यंत पोहोचते. ओकन यांचे पोहोचत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. भाववाढ गरिबाला चालते आणि तिला आळा घालणे हे श्रीमंतांचे काम आहे, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो खोटा आहे. ज्याची मजुरी पावसाळ्यातील उचलीने आधीच ठरून गेली आहे, त्याला होळीपर्यंत चढलेल्या भावांची भरपाई कोणी देत नाही. २०१२ च्या पायावरील ग्राहक-किमतींच्या निर्देशांकात ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी ५४ टक्के भार अन्नपदार्थांचा होता; सातपुड्यातील घरात तो त्याहून कमी असण्याचे कारण नाही. भाव आवरणे हे त्याच्याही हिताचे आहे. प्रश्न भाव आवरावेत की नाही हा नसून, आवरण्याची किंमत कोणी मोजावी हा आहे. १९७४ च्या वटहुकुमांनी निदान एवढे केले की, नोकरदाराकडून घेतलेला त्याग त्याच्या नावावर ठेव म्हणून लिहून ठेवला. पुढे तो परत मिळावयाचा होता. पथारीवरील स्त्रीने गमावलेला दिवस कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही.

महाराष्ट्राने त्याच वर्षांत याहून चांगला धडा घालून दिला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना तेव्हा उभी राहत होती, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराने कर भरावा आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, असा तो व्यवहार होता. १९७७ साली कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. भाववाढ रोखण्याची किंमत समाजात वाटून घेण्याची ही रीत होती, जरी तिला कोणी तसे नाव दिले नाही. आज तिचाच विस्तार करता येईल. व्याजदर वाढविण्याचा निर्णय जाहीर होतो, त्याच वेळी त्यामुळे कामाचे किती दिवस बुडतील याचा अंदाज रिझर्व्ह बँकेने जाहीर करावा, आणि जेथून मजूर बाहेर जातात त्या जिल्ह्यांत तेवढ्या दिवसांची कामे शासनाने अगोदर मंजूर करून ठेवावीत. पहिली गोष्ट केली की दुसरी टाळणे अवघड होईल. कदाचित म्हणूनच पहिली केली जात नसावी.

जानेवारी २०२५ पासून श्रमशक्ती पाहणीच्या नमुन्यात जिल्हा हा पायाभूत स्तर धरला गेला आहे. नंदुरबारचा वेगळा हिशेब मांडणे आता अशक्य राहिलेले नाही. तो मांडला जाईपर्यंत ‘भाववाढ अल्प त्यागात उतरली’ असे कोणी म्हणाले, तर कोणाचे दिवस मोजले, एवढे विचारण्याचा अधिकार पथारीवर मिरची उलटणाऱ्या स्त्रीला आहे.